नाई जमलं तं चहा पिऊन जा

दुर्गोत्सवाचे नऊ दिवस यवतमाळ झोपत नाही. कोलकात्यानंतर आपलाच उत्सव मोठा, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो आणि त्यावर कुणाला वाद घालू देत नाही. मंडपामंडपांतून रक्तदान शिबिरं लागतात. १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन बहुधा याच दिवसांच्या आगेमागे येतो, त्यामुळे फलकांना ऊत आलेला असतो. गेली काही वर्षं आमच्या मंडळाच्या फलकावर काय लिहायचं हे काम माझ्याकडे आहे.

पहिल्या वर्षी मी इतरांनी लिहिलं तेच लिहिलं. वर 'रक्तदान श्रेष्ठदान', खाली सलाइन लावलेलं रडकं मूल आणि त्याखाली लाल अक्षरांत 'उद्या ही वेळ तुमच्यावर आली तर?' फलक चांगला दहा फुटी होता. शिबिराला आले ते नेहमीचेच. त्यांना फलकाची गरज नव्हती, तारीख कळली तरी ते आले असते. रस्त्यापलीकडे पानठेल्यावर तीन पोरं उभी होती. फलक वाचत होती, आमच्याकडे पाहत होती आणि तिथेच उभी राहिली. संध्याकाळी सामान आवरताना मी त्यांतल्या एकाला सहज विचारलं. तो म्हणाला, "द्याचं होतं भौ, पन मले सुई पाहूनच घाम फुटते. अन् तुमच्या बोर्डावर तं लेकरू मराले टेकलं. आता मी भेतो असं कसं सांगू?"

त्या पोराने माझा फलक एका वाक्यात निकालात काढला. भ्यायलेल्या माणसाला आम्ही आणखी भिववलं होतं, वर त्याच्या भीतीची त्याला लाजही वाटायला लावली होती. 'श्रेष्ठ' या शब्दाचंही तसंच. जो श्रेष्ठ दान करतो तो श्रेष्ठ. मग ज्याला घेरी येईल असं वाटतं तो कोण?

या भाषेला इतिहास आहे. लीला मूळगावकर यांनी मुंबईत स्वैच्छिक रक्तदानाची शिबिरं सुरू केली ती १९५४ साली. पण त्यानंतरही कित्येक वर्षं देशात पैसे घेऊन रक्त देणारे होतेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ही पद्धत थांबवायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून तिच्यावर बंदी आली. मग उरले दोन मार्ग. एक म्हणजे पेशंटच्या नातेवाइकांना 'बदली रक्त आणा' म्हणणं, दुसरा म्हणजे अनोळखी माणसाला विनवणं. विनवायला शब्द लागतात, आणि आपल्याकडे तयार शब्द होते ते कीर्तनातले आणि निवडणुकीतले. तेच भिंतीवर चढले.

पुढच्या वर्षी मी रक्तपेढीत काम करणाऱ्या एका ओळखीच्या तंत्रज्ञ ताईंकडे गेलो आणि विचारलं, पहिल्यांदा येणारा माणूस तुम्हाला काय विचारतो? त्या म्हणाल्या, "महान काम आहे का, असं आजवर कोणी विचारलं नाही. किती काढता, किती दुखतं, चक्कर येईल का, आणि तपासणीत काही निघालं तर घरी कळेल का, एवढंच विचारतात. तेही हळूच."

हे चार प्रश्न हाच माझा नवा फलक होता. माणसाने न विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मोठ्या अक्षरांत लिहायचं. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रान्स आणि त्यांचे सहकारी याच वाटेने गेले, हे मला नंतर कळलं. दात्यांच्या शंकांना थेट उत्तरं देणारी साधी पत्रिका त्यांनी लोकांना वाचायला दिली, तेव्हा रक्त देण्याची तयारीही वाढली आणि 'मला हे जमेल' हा विश्वासही.

पहिली ओळ दुखण्याची. शिबिरात सर्रास सांगतात, 'मुंगी चावल्यासारखं वाटेल.' ते खोटं आहे. रक्त घ्यायची सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा चांगलीच जाड असते, कारण बारीक सुईतून रक्त सावकाश येतं आणि पिशवीत गोठण्याची भीती राहते. मुंगीची अपेक्षा ठेवून झोपलेल्या माणसाला ती टोचली की पुढचं आपलं काहीच त्याला खरं वाटत नाही. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या प्रत्येक हाताला वाळलेल्या बोंडाचं टोक माहीत आहे आणि अनवाणी चाललेल्या प्रत्येक पायाला बाभूळ. म्हणून मी लिहिलं: 'दोनदा टोचते. बोटाला कापसाच्या बोंडाएवढं. हाताला बोंडापेक्षा जास्त, बाभळीच्या काट्यापेक्षा कमी. बस.' ताईंनी वाचून मान्य केलं. फक्त 'बस'च्या जागी मी आधी लिहिलेलं 'संपलं' नको म्हणाल्या, रुग्णालयात तो शब्द बरा दिसत नाही.

दुसरी ओळ किती काढतात याची. साधारण पिशवी ३५० मिलिलिटरची, त्यासाठी वजन निदान ४५ किलो हवं. मी आधी 'साडेतीन कप चहाएवढं' असं लिहिलं होतं. माप बरोबर होतं, पण चहाच्या कपात रक्त दिसायला लागलं तर कोण प्यायचं? मग गणित मांडलं. अंगात किलोमागे साधारण ७० मिलिलिटर रक्त धरतात, बायकांत थोडं कमी. साठ किलोच्या माणसात चार लिटर दोनशे. त्यातून साडेतीनशे गेले म्हणजे बारावा हिस्सा. ओळ झाली: 'बारा वाट्यांतला एक. अकरा तुमच्याकडेच.' पंचेचाळीस किलोच्या मुलीसाठी हा हिस्सा नववा किंवा आठवाच होतो, म्हणून मुलींच्या वसतिगृहाच्या फलकावर ही ओळ लावली नाही. तिथे लिहिलं की पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात, आणि म्हणूनच बायकांना पुन्हा १२० दिवसांनीच बोलावतात. पुरुषांना नव्वद.

सगळ्यात जास्त खल झाला तो चक्कर येण्यावर. मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह होता की 'कोणताही अशक्तपणा येत नाही' असं ठोकून द्यावं. मी अडून बसलो. पहिल्यांदा देणारे, तरुण आणि कमी वजनाचे यांना घेरी येण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. ती बहुधा रक्त कमी झाल्याने येत नाही. भीतीने नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. चेहरा पांढरा पडतो, वरच्या ओठावर घाम येतो, जांभया येतात. पुष्कळदा हे खाटेवर होत नाही, उठून बिस्किटांच्या टेबलापाशी गेल्यावर होतं. आडवं करून पाय उंच धरले की माणूस थोड्या वेळात ठीक होतो. पण 'काहीच होत नाही' हे वाचून आलेल्याला घेरी आली, तर तो पुन्हा येत नाही आणि वसतिगृहातल्या दहा जणांना येऊ देत नाही.

चक्कर टाळायचे तीन उपाय साधे आहेत. जेवून यायचं आणि सुईच्या अर्धा तास आधी साधारण अर्धा लिटर पाणी प्यायचं. सुई असताना मांड्या आणि पोटऱ्या काही सेकंद आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. सुईच्या भीतीने बेशुद्ध पडणाऱ्या रुग्णांसाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी ही युक्ती वापरली, पुढे ती रक्तदात्यांवरही तपासली गेली. आम्ही ती रस्त्यावरच्या फलकावर घातली नाही. खाटेसमोरच्या भिंतीवर, झोपलेल्या माणसाला दिसेल अशी लावली: 'मांड्या आवळा. पाचापर्यंत मोजा. सोडा. पुन्हा.' हाताला काम मिळालं की भीतीला जागा कमी उरते, इथे पायाला मिळालं.

फलक कुठे आहे यावर ओळ ठरते, हे मला इथे उमगलं. एसटी स्टँडवरचा माणूस चालत्या गाडीतून चार शब्द वाचतो. रांगेतला अर्धा तास तीच भिंत वाचतो, आणि त्याची भीती त्याच अर्ध्या तासात चढत असते. त्याला घोषणा काय उपयोगाची? पुढे काय होणार हे त्याला क्रमाने सांगावं लागतं.

चौथा प्रश्न नाजूक. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. काही मंडळं हेच आमिष म्हणून छापतात: 'पाच तपासण्या मोफत!' यासारखी धोक्याची ओळ नाही. ज्याला स्वतःबद्दल शंका आहे तो तपासणीसाठी येतो, आणि संसर्ग अगदी ताजा असेल तर तो तपासणीत दिसत नाही, पिशवीतून मात्र पुढे जातो. आम्ही लिहिलं: 'फॉर्मवरचे प्रश्न खासगी. शंका असेल तर आज देऊ नका. कारण सांगावं लागत नाही.'

नकाराची तयारीही फलकावर हवी. बोटाचा थेंब निळ्या मोरचूदाच्या द्रावणात टाकतात. तो पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, तरंगत राहिला तर आज नाही. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं. तेव्हा हिंमत बांधून आलेल्या कितीतरी मुलींचा थेंब तरंगणारच. मैत्रिणींसमोर 'नापास' झालेली मुलगी पुन्हा फिरकत नाही. त्या निळ्या बाटलीच्या टेबलावर आम्ही लहान पाटी ठेवली: 'थेंब तरंगला? आजचं तुमचं काम झालं. डॉक्टरांशी बोला, चहा घ्या.'

आणि रस्त्यावरची मोठी ओळ? ती शेवटी वऱ्हाडीत झाली. 'या, पाहा. नाई जमलं तं चहा पिऊन जा.' अध्यक्ष म्हणाले, हे रक्तदानाचं आवाहन आहे की टपरीची जाहिरात? ग्रामीण भागातून आलेल्या एका सदस्याला 'जा' रुक्ष वाटलं, त्याने 'जा जी' सुचवलं. खेड्यांसाठी ते बरोबर होतं, आम्ही तिथे तसंच छापलं. ओळीत दार दोन्हीकडून उघडं होतं, एवढंच मला हवं होतं.

किती वाढले, हा आकडा मी देणार नाही. त्या वर्षी शिबिराचा दिवसही वेगळा होता, जागाही वेगळी, त्यामुळे श्रेय फलकाला देणं हिशेबात बसत नाही. पाहिलं ते सांगतो. बरेच जण नुसतं पाहायला आत आले. काही खरंच चहा पिऊन गेले, आणि आमच्यातला एक जण दूध संपलं म्हणून माझ्यावर चिडला.

स्टॉकहोममध्ये दात्याचं रक्त कुणाला चढवलं की त्याच्या फोनवर तसा निरोप जातो. आमच्याकडे ती सोय नव्हती, म्हणून बिस्किटांच्या टेबलावर मी फक्त तारखा लिहिल्या. आज १ ऑक्टोबर. पुरुषांनी पुन्हा ३० डिसेंबरपासून, बायकांनी २९ जानेवारीपासून. दुपारी तीनच्या सुमारास पानठेल्यावरचा तो पोरगा तिथे उभा दिसला, कोपरावर कापूस दाबून. पाटीकडे पाहत म्हणाला, "भौ, बाभळीचा काटा बरोबर लिव्हला. पन बोंडाचं खोटं आहे. बोटाचंच जास्त दुखलं."

पुढच्या वर्षी ती ओळ दुरुस्त केली.