आज सौदा नाही

फोर्टमधल्या दलालाच्या कचेरीत सकाळपासून निफ्टी फ्युचर्स ८० अंकांच्या पट्ट्यात वरखाली होत होते. शिकाऊ मुलाने वरच्या टोकाला दोनदा खरेदी केली, दोन्ही वेळा ३० अंकांचा स्टॉपलॉस उडाला. तिसऱ्या ऑर्डरसाठी थरथरता हात माउसकडे गेला, तसे काका म्हणाले, "थांब. पट्टा ८० चा आणि स्टॉपलॉस ३० चा. नुसत्या हेलकाव्यातच उडणार. वर दर सौद्याला दलाली, कर."

"पण काका, संधी गेली तर?"

"सुरुवातीचे वीस-तीस अंक जातील, जाऊ देत. पंधरा मिनिटांची कॅण्डल पट्ट्याबाहेर बंद होऊ दे, व्हॉल्यूमही वाढू दे."

दुपारी भाव दोनदा पट्ट्याबाहेर डोकावला, पण कॅण्डल आतच बंद झाली. साडेतीनला बाजार मिटला तेव्हा मुलाचा तोटा ६० अंकांवरच थांबलेला होता.