तुरटी, आफ्टरशेव्ह आणि बाम

सलूनमध्ये दाढी आटोपली की कारागीर ओल्या गालांवरून तुरटीचा खडा फिरवतो, मग तळहातावर आफ्टरशेव्ह ओतून दोन्ही गालांवर चापट्या मारतो. गिऱ्हाईक 'स्स' करतं आणि खूश होतं. झोंबलं म्हणजे लागू पडलं, ही समजूत इतकी पक्की आहे की न झोंबणारा बाम अनेकांना पाणचट वाटतो.

खरं तर त्या वेळी गाल सोललेला असतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही जाड नसतो. त्यात मृत पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. पातं केसांबरोबर या थराचाही थोडा भाग खरवडून नेतं. साबणाने स्निग्धपणा आणखी धुतला जातो. फटी उघड्या पडल्या की आतलं पाणी उडून जातं, म्हणून दोन तासांत गाल ताणल्यासारखा होतो.

अशा त्वचेवर अल्कोहोल पडलं की उरलेला स्निग्ध पदार्थही विरघळतो. मेंथॉलची गंमत वेगळीच. ते त्वचा फारशी थंड करत नाही, थंडी जाणवणाऱ्या नसांना फक्त डिवचतं. तुरटीचा उपयोग मात्र खरा आहे: ती रक्तातली प्रथिनं गोठवून कापलेल्या जागेचं रक्त थांबवते. पण तेवढ्याच जागेवर लावावी. पूर्ण चेहऱ्यावर फिरवून तशीच वाळू दिली, तर कोरडेपणा वाढतो.

नागपुरातल्या एखाद्या औषध-विक्री प्रतिनिधीचं उदाहरण घेऊ. रोज गुळगुळीत दाढी, डिसेंबरची कोरडी हवा, दुपारपर्यंत जबड्यावर पांढरी सालं आणि मानेवर लाल पुरळ. दुकानात त्याच्यासमोर दोन बाटल्या आहेत. पहिलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सुरुवातीलाच 'अल्कोहोल डिनॅट', पुढे सुगंध आणि मेंथॉल. दुसरीवर पाणी, ग्लिसरिन, डायमेथिकोन, पँथेनॉल. घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे पहिली पाच-सहा नावं वाचली तरी पुरतं. 'सेटाइल अल्कोहोल' दिसलं तर दचकू नये. तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे, झोंबणारा नव्हे.

दुसरी बाटली त्याच्या कामाची. ग्लिसरिन पाणी धरून ठेवतं, पण नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात ते एकटं पुरत नाही. वरून डायमेथिकोन किंवा पेट्रोलियम जेलीसारखं झाकण लागतं. पँथेनॉल त्वचेला शांत करतं.

मग बामवर मॉइश्चरायझर वेगळं घ्यावं का? बहुतेकदा नाही. बाम म्हणजे दाढीनंतरसाठी बनवलेलं मॉइश्चरायझरच. निव्हिआने १९८० साली अल्कोहोलविरहित बाम आणला, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. बिनसुगंधी साधं मॉइश्चरायझर घरात असेल तर तेच दाढीनंतर चालतं. त्वचा फारच कोरडी असेल तर रात्री पुन्हा लावावं, एवढंच.

आमच्या नागपूरकराने दोन आठवडे फक्त उजव्या गालावर आणि मानेच्या उजव्या बाजूला नवा बाम लावावा, डावीकडे जुनंच. पातं आणि साबण तेच. तोंड धुऊन, टॉवेलने टिपून, त्वचा किंचित ओली असतानाच वाटाण्याएवढा बाम न चोळता पसरायचा. लावताना किती झोंबतं, दोन तासांनी गाल ओढतो का, संध्याकाळी सालं दिसतात का, एवढंच पाहायचं. नव्या बाजूला खाज किंवा सूज आली तर तो लगेच बंद करायचा. सुगंधाची ॲलर्जी असू शकते.

उजवा गाल सुधारला, पण मानेवरचं पुरळ दोन्हीकडे तसंच राहिलं, तर दोष आफ्टरशेव्हचा नाही. उलटा हात मारून फार जवळून कापलेला, विशेषतः कुरळा केस वाढताना पुन्हा त्वचेत शिरतो आणि तिथे गाठ येते. ती बामने जात नाही. केसांच्या दिशेने दाढी करावी, काही दिवस ट्रिमरवर भागवावं. सालं नाकाच्या कडांना आणि भुवयांतही दिसत असतील, तर तो कोंड्याच्या जातीचा त्वचाविकार असू शकतो आणि त्याचं औषध निराळं.

एका ट्यूबपासून मात्र लांब राहायला हवं. मेडिकलवाल्याकडून न विचारता आणलेलं स्टेरॉइडचं मलम लाली दोन दिवसांत घालवतं, म्हणून लोक ते रोज दाढीनंतर लावू लागतात. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते आणि मलम थांबवताच चेहरा आधीपेक्षा लाल होतो.

खोबरेल तेलाचा घरगुती मार्गही सगळ्यांना मानवत नाही. कोरड्या गालाला ते बरं वाटतं, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर छिद्रं बुजवतं. मुंबईच्या दमट हवेत तर जाड बामही घामाबरोबर चिकटतो. तिथे जेलसारखं पातळ लोशन बरं. नागपूरकराचा डिसेंबरातला बामही एप्रिल आला की जड वाटू लागेल. मग त्याने तो रात्रीपुरता ठेवावा आणि सकाळी दाढीनंतर पातळ लोशन घ्यावं.