पडद्यावरील थरथर व रंगीत रेषा : दोष कोठे आहे हे कसे ओळखावे

शाळेतील संगणकाच्या पडद्यावरील चित्र थरथरू लागले, किंवा त्यावर एखादी हिरवी-तांबडी रेषा उमटली, की बहुधा “स्क्रीन गेली” असा शेरा मारून मॉनिटर कपाटाच्या मागे ठेवला जातो. पुढे जडसंग्रह नोंदवहीत त्याच्यापुढे ‘नादुरुस्त’ असे लिहिले जाते आणि निर्लेखनाच्या यादीत त्याचा समावेश होतो. त्यातील काही मॉनिटर खरोखरच निकामी झालेले असतात. परंतु काहींची केवळ केबल सैल झालेली असते, तर काहींच्या बाबतीत संगणकातील एक सेटिंग बदललेले असते. या तिन्ही दोषांची लक्षणे वरवर सारखी भासली तरी ती एकमेकांपासून वेगळी काढता येतात. त्यासाठी स्क्रू-ड्रायव्हरची गरज नाही. लागतात ती सुमारे दहा मिनिटे आणि बारकाईने पाहण्याची सवय.

चित्राचा मार्ग

पडद्यावर दिसणारे चित्र तीन टप्प्यांनी येते. प्रथम संगणक ते तयार करतो. नंतर केबल ते मॉनिटरपर्यंत वाहून नेते. शेवटी मॉनिटरमधील सर्किट ते स्वीकारून पॅनेलवर, म्हणजे प्रत्यक्ष दिसणाऱ्या काचेच्या पडद्यावर, उमटवते. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे शोधणे म्हणजे चित्र कोठपर्यंत चांगले येते आणि कोठून बिघडते हे पाहणे होय.

या शोधाचे एक उत्तम साधन मॉनिटरमध्येच असते. मॉनिटरच्या कडेच्या अथवा खालच्या बटणांपैकी मेनूचे बटण दाबले असता प्रकाश, रंग इत्यादींची एक लहान चौकट पडद्यावर उघडते. ही चौकट संगणकाकडून येत नाही. ती मॉनिटर स्वतः तयार करतो. म्हणून मागचे चित्र थरथरत असताना ही चौकट स्थिर व स्वच्छ राहिली, तर पॅनेल निर्दोष असून दोष केबलमध्ये किंवा संगणकात आहे असे समजावे. उलट चौकटही थरथरली, किंवा रंगीत रेषा चौकटीलाही भेदून गेली, तर दोष मॉनिटरच्या आत आहे.

रेषा चौकटीच्या जागेपासून दूर असेल तर ही कसोटी अपुरी ठरते. पुष्कळ मॉनिटरांत चौकटीची जागा मेनूमधूनच सरकवता येते. ती सोय नसेल तर चित्राची केबल काढून पाहावे. मॉनिटर त्या वेळी `No Signal` यासारखी सूचना दाखवतो व काही सेकंदांनी निद्रिस्त होतो. त्या अल्प वेळात, केबल जोडलेली नसतानाही रेषा जागच्या जागी दिसली, तर तिचा केबलशी काही संबंध नाही हे सिद्ध होते.

सैल केबलची लक्षणे

शाळांतील जुन्या मॉनिटरांना बहुधा निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते. तिच्या टोकात तीन ओळींत मिळून पंधरा पिनांची जागा असते. पहिल्या ओळीतील पहिल्या तीन पिना अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा हे रंग वाहून नेतात. त्यामुळे ही केबल सैल झाली असता दोष रंगांतून बोलतो. निळ्याची पिन सुटली तर पांढरा कागद पिवळा दिसतो. तांबड्याची सुटली तर तो निळसर हिरवा होतो. हिरव्याची सुटली तर जांभळट गुलाबी होतो. संपूर्ण पडद्यावर असा एकच रंग पसरला असेल आणि मेनूची चौकट मात्र नेहमीच्या रंगांत असेल, तर केबल किंवा तिची जोडणी तपासावी. चित्र ओळीत न राहता तिरपे फाटत असेल किंवा वर-खाली सरकत असेल, तर चित्राचा ताल सांभाळणाऱ्या तिसऱ्या ओळीतील पिनांकडे संशय जातो.

एचडीएमआय केबलची वागणूक निराळी असते. तीत एखादा रंग सहसा नाहीसा होत नाही. पडद्यावर बारीक चमकते ठिपके उडतात, किंवा पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळतो.

परीक्षा अशी करावी. चित्र दिसत असताना केबलचे संगणकाकडील टोक हलक्या हाताने किंचित हलवावे, मग मॉनिटरकडील टोक हलवावे. हालचालीबरोबर थरथर वाढली किंवा थांबली, तर दोषाची जागा सापडली. नंतर दोन्ही यंत्रे बंद करून केबल काढावी व पिना उजेडात पाहाव्यात. वाकलेली पिन दिसल्यास ती बारीक चिमट्याने सावकाश सरळ करता येते. ती ताबडतोब मोडू शकते, म्हणून जोर करू नये. मधल्या ओळीतील चौथी पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते. ती जागा रिकामी दिसली म्हणून केबल टाकून देऊ नये. केबल परत बसवताना दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने पुरते आवळावेत. टेबल सरकले, की न आवळलेले टोक हळूहळू तिरपे होते, आणि दोषाचे मूळ बहुधा तेच असते.

मॉनिटरच्या विजेच्या केबलकडेही लक्ष द्यावे. थरथरीबरोबर बटणाजवळचा दिवाही मिणमिणत असेल, तर प्रथम ती केबल व भिंतीवरील सॉकेट पाहावे.

रिफ्रेश रेटचा दोष

चित्र दर सेकंदाला जितक्या वेळा नव्याने काढले जाते, त्या संख्येला रिफ्रेश रेट म्हणतात. शाळांतील साध्या मॉनिटरांसाठी ही संख्या सामान्यतः ६० असते व ती पडद्यावर `60 Hz` अशी लिहिलेली दिसते. ही संख्या चुकीची निवडली गेली, तर दोष संपूर्ण पडद्यावर सारखा पसरतो; तो एका रेषेपुरता किंवा एका रंगापुरता राहत नाही. दुसरी खूण अशी की संगणक सुरू होताना प्रारंभी दिसणारे कंपनीचे चिन्ह स्थिर असते आणि विंडोज उघडल्यावरच थरथर सुरू होते. याचे कारण असे की निवडलेले सेटिंग विंडोज सुरू झाल्यावरच लागू होते.

हे सेटिंग पाहण्यासाठी डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबून `Display settings` उघडावे. तेथून `Advanced display` मध्ये जावे. विंडोज १० मध्ये हेच नाव `Advanced display settings` असे आहे. तेथे `Refresh rate` समोर ६० ही संख्या निवडावी. पडदा काळा झाल्यास घाबरू नये. `Keep changes` वर संमती दिली नाही, तर सुमारे पंधरा सेकंदांनी पूर्वीचे सेटिंग आपोआप परत येते.

येथे एक फसवणूक संभवते. १९२० × १०८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवावयाचे तर केबलीला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके वाहून न्यावे लागतात. ७५ वेळा पाठवावयाचे तर १५ कोटी ५५ लाख. अशक्त किंवा फार लांब केबल पहिला भार पेलते आणि दुसऱ्याखाली अडखळते. अशा वेळी ७५ चे ६० केल्याने थरथर थांबते व दोष सेटिंगचाच होता असे वाटते; परंतु मॉनिटर ७५ साठी बनवलेला असेल, तर खरी उणीव केबलीची असते. शाळेच्या कामास ६० पुरेसे असल्याने तसे चालवण्यास हरकत नाही. मात्र पुढे ६० वरही थरथर दिसू लागल्यास प्रथम केबल बदलावी.

पॅनेल निकामी होण्याची लक्षणे

पॅनेलच्या कडेला बारीक तारांच्या चकत्या चिकटवलेल्या असतात व त्यांतून प्रत्येक उभ्या स्तंभाला संदेश जातो. उष्णतेने किंवा धक्क्याने हा सांधा सुटला, की त्या स्तंभाची एक सरळ, केसासारखी बारीक, ठरावीक रंगाची रेषा उमटते. चित्र बदलले तरी ती जागा सोडत नाही; मेनूची चौकट तिला झाकू शकत नाही; केबल काढली तरी ती राहते. कधी मॉनिटर तापल्यावर अशी रेषा नाहीशी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येते. हा गुण नव्हे. सांधा उघडझाप करीत असल्याची ती खूण आहे. चौकटीच्या कडेस दाबल्याने रेषा जात असली, तरी तसे दाबत राहू नये. काच तडकण्याचा धोका असतो आणि शेजारचे सांधेही सुटतात.

मेनूच्या कसोटीचीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ती दोष मॉनिटरच्या आत आहे एवढेच सांगते. आतली चपटी केबल सुटली असेल किंवा वीज पुरवणारे सर्किट थकले असेल, तरीही चौकट थरथरते. आणि हे दोष कित्येकदा दुरुस्त होतात. म्हणून कायमची एकच रेषा असेल तर पॅनेल, आणि सर्व पडदा विस्कटत किंवा मंदावत असेल तर दुरुस्तीची शक्यता, असा भेद करावा. मॉनिटर उघडण्याचे काम मात्र तंत्रज्ञावरच सोपवावे. बंद केल्यानंतरही आत विजेचा संचय राहतो.

एक उदाहरण

समजा, एका शाळेत दोन मॉनिटर ‘स्क्रीन खराब’ म्हणून बाजूला ठेवले आहेत. पहिल्याचा पडदा पिवळा असून अधूनमधून थरथरतो. मेनू उघडला असता चौकटीतील पांढरी अक्षरे पांढरीच दिसतात. म्हणजे पॅनेल शाबूत आहे. पिवळा रंग निळ्याच्या अभावाने येतो. म्हणजे तिसऱ्या पिनेचा संशय. केबल काढली, तर ती पिन आडवी झालेली आढळते. ती सरळ करून स्क्रू आवळताच पांढरा रंग परत येतो. दुसऱ्या मॉनिटरवर उजव्या बाजूस एक हिरवी उभी रेषा आहे. चौकट त्या जागी सरकवली असता रेषा तिच्यावरूनही जाते. खात्रीसाठी पहिल्या मॉनिटरची दुरुस्त केलेली केबल लावून पाहिली, रेषा तशीच. केबल अजिबात काढली. `No Signal` च्या शेजारीही ती उभीच. हा दोष पॅनेलचा. तथापि बाकीचा पडदा स्वच्छ असल्याने पाठ दाखवण्यासाठी हा मॉनिटर अद्याप उपयोगी आहे. नव्या मॉनिटरांची मागणी दोहोंवरून एकावर येते, आणि तीही लगेच करण्याचे कारण उरत नाही.

तक्रार लिहिताना

तंत्रज्ञाला पाठवण्यासाठी पडद्याचे छायाचित्र मोबाईलवर काढले असता त्यात पुष्कळदा आडवे काळे पट्टे दिसतात. कॅमेरा व पडदा यांचा ताल जुळत नसल्याने ते उमटतात. डोळ्यांना दिसत नसतील तर तो दोष मानू नये. छायाचित्रापेक्षा चार वाक्ये अधिक उपयोगी ठरतात : मेनूची चौकट स्वच्छ आहे की नाही, केबल हलवल्याने फरक पडतो की नाही, दोष संगणक सुरू होताच दिसतो की विंडोज उघडल्यावर, आणि हाच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडल्यास काय होते. ही चार उत्तरे नोंदवहीत लिहिल्यावाचून कोणत्याही मॉनिटरपुढे ‘नादुरुस्त’ हा शेरा लिहू नये.