जाहिरातीतल्या अटी: कोणत्या खऱ्या, कोणत्या हौसेच्या?

मागच्या महिन्यात मिरजेहून भाचीचा फोन आला. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याला अकाउंट्स असिस्टंट हवा होता. "मामू, नोकरी चांगली आहे, पण माझं काही जमणार नाही. नऊ अटी आहेत, त्यातल्या चारच माझ्याकडे आहेत." मी म्हटलं, आधी सगळी जाहिरात पाठव, मग बघू.

भाची बी.कॉम. आहे आणि चौदा महिने एका सी.ए.च्या ऑफिसात काम केलेली आहे. सध्या घरीच आहे. जाहिरातीत मागितलं होतं: बी.कॉम., एम.कॉम. असल्यास उत्तम, ३ ते ५ वर्षांचा अनुभव, टॅली, जीएसटी आणि टीडीएसचं काम, ॲडव्हान्स एक्सेल, एसएपी येत असल्यास प्राधान्य, इंग्रजीवर प्रभुत्व, स्वतःची दुचाकी व परवाना, आणि तात्काळ रुजू होण्याची तयारी. पगार १८ ते २२ हजार.

आपली मुलं जाहिरातीतला "पात्रता" हा भाग वाचतात आणि तिथेच थांबतात. खरं तर त्याच्या वर "कामाचे स्वरूप" म्हणून चार-पाच ओळी असतात, त्या आधी वाचायला हव्यात. या जाहिरातीत त्या ओळी अशा होत्या: विक्रीची बिलं बनवणे, खरेदीच्या बिलांच्या टॅलीत नोंदी करणे, दरमहा जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी भरणे, टीडीएसचा भरणा, बँकेच्या खात्याशी मेळ घालणे, बँकेत व सी.ए.कडे कागदपत्रं पोहोचवणे.

आता एकेक अट घ्या आणि विचारा, कामाच्या यादीत ती कुठे लागते? टॅली सरळच लागते. जीएसटीही लागतो, आणि तिथे सवलत मिळणार नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्या कंपनीला जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरावा लागतो. टीडीएस साधारणपणे ७ तारखेपर्यंत जमा करायचा असतो. तारीख चुकली की लेट फी नाहीतर व्याज लागतं. म्हणजे नवीन आलेल्या माणसाच्या डोक्यावर पहिल्याच महिन्यात तीन तारखा. शिकवत बसायला त्यांच्याकडे वेळ नाही, म्हणून ही अट पक्की. भाचीने चौदा महिने हेच केलेलं आहे.

एसएपी मात्र कामाच्या यादीत कुठेच नाही. नोंदी टॅलीत करायच्या आहेत, मग एसएपी कशाला? अशा गोष्टी जाहिरातीत येतात कशा, तेही सांगतो. माणूस सोडून गेला की साहेब एचआरला सांगतात, "त्याच्यासारखाच बघा." तो माणूस पाच-सहा वर्षांत जे जे शिकला, ते सगळं यादीत जातं. कधी जुनी जाहिरात तशीच उचलून चिकटवलेली असते, तर कधी अर्जांचा ढीग कमी व्हावा म्हणून दोन अटी वाढवलेल्या असतात. "असल्यास प्राधान्य", "असल्यास उत्तम", "माहिती असावी" हे शब्द दिसले की ती बहुधा इच्छा समजायची. "अनिवार्य", "आवश्यक", "किमान" दिसलं तर जरा थांबायचं.

पण शब्दांवरच विसंबू नका. "३ ते ५ वर्षे" हे ठामपणे लिहिलेलं होतं. तिथे पगाराकडे बघा. पाच वर्षं अनुभव, एम.कॉम. आणि वर एसएपी येणारा माणूस १८ हजारांवर कशाला येईल? हा आकडाच सांगतो की वर्ष-दोन वर्षं काम केलेला माणूस त्यांना चालणार आहे. त्यामुळे अर्जात वर्षं मोजून दाखवण्यापेक्षा किती व्यापाऱ्यांचे रिटर्न दरमहा भरले, ते लिहिलेलं बरं. मात्र चौदा महिन्यांचे तीन वर्षं करायचे नाहीत. पीएफ कापला जात असेल तर कुठे कधी लागलो आणि कधी सोडलं, ते ईपीएफओच्या नोंदीत दिसतं, आणि पडताळणीत पकडलं गेलं तर लागलेली नोकरीही जाते.

इंग्रजीचं प्रभुत्वही असंच. कामाच्या यादीत ग्राहकांशी बोलणं नाही, ई-मेल फार तर थकलेल्या बिलांचे. तेवढं लिहिता आलं की भागतं. ॲडव्हान्स एक्सेल म्हणजे अशा ठिकाणी बहुतेक वेळा पिव्होट टेबल आणि व्हीलूकअप. व्हीलूकअप भाचीला येत होतं, पिव्होट चार दिवसांत बसलं.

दुचाकीच्या अटीला आम्ही दोघेही हसलो होतो. हिशेबाच्या कामाला गाडी कशाला? पण यादीतली शेवटची ओळ परत वाचली, बँकेत आणि सी.ए.कडे जायचं. म्हणजे जी अट फालतू वाटली तीच खरी निघाली. भाची भावाची स्कूटर चालवते, परवाना मात्र नाही.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. ही सगळी सवलत खासगी नोकरीतली. सरकारी जाहिरातीत आवश्यक अर्हता म्हणजे आवश्यकच, आणि ती जाहिरातीत दिलेल्या तारखेला हातात हवी. निकाल लागायचा आहे, असं सांगून चालत नाही, जाहिरातीतच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी. ओबीसीतून अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांनी नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची अट आणि त्याचं वर्ष तर दोनदा वाचावं. यूपीएससीच्या थेट भरतीत "आवश्यक" आणि "इष्ट" असे दोन वेगळे भाग असतात. इष्ट नसेल तरी अर्ज करता येतो, पण अर्ज फार आले तर त्याच इष्ट अटीवर यादी छाटली जाऊ शकते. खासगी असो की सरकारी, फार्मासिस्टची किंवा नर्सची नोंदणी, ड्रायव्हरचा परवाना अशा कायद्याने लागणाऱ्या गोष्टींत तर कुणीच सूट देऊ शकत नाही.

तर भाचीपुढे दोनच प्रश्न उरले, एसएपी आणि गाडी. मी म्हटलं, अंदाज कशाला बांधायचा, जाहिरातीत नंबर आहे, विचार. तिला फोन करायला संकोच वाटत होता. प्रश्न लिहून दिले: "सध्या हिशेब कशात ठेवता?" आणि "बाहेरची कामं आठवड्यातून किती वेळा असतात?" "एसएपी येत नाही, चालेल का?" असं विचारायचं नाही, कारण त्याला "नाही" हे सोपं उत्तर असतं.

पलीकडच्या बाईंनी नीट सांगितलं. हिशेब टॅलीतच आहेत, एसएपीचा विचार पुढच्या वर्षी होईल. बँकेत मात्र जवळजवळ रोज जावं लागतं.

त्याच दिवशी तिने शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. तो मिळाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी द्यायला ३० दिवस थांबावं लागतं. नोकरीच्या अर्जात पहिल्या ओळीत जीएसटी रिटर्न आणि टॅली, खाली चौदा महिन्यांचा अनुभव जसा आहे तसा, आणि शेवटी एक वाक्य: "स्कूटर चालवता येते, शिकाऊ परवान्यासाठी अर्ज केला आहे, पक्का परवाना मिळेपर्यंत बाहेरच्या कामांना रिक्षाने जाईन." एसएपीबद्दल एक शब्दही लिहिला नाही. गुरुवारी मुलाखतीला बोलावलं आहे.