तारुण्याची ट्यूब : विज्ञान किती, जाहिरात किती?

पंचविशी ओलांडली की वार्धक्य रोखायच्या तयारीला लागावे, असे हल्ली जाहिराती सांगतात. साल्मियातल्या कुठल्याही फार्मसीत त्यासाठी एक अख्खा कप्पा असतो. यातले काय विशीत-तिशीत सुरू करण्यासारखे आहे, हे मंडळातली तरुण मंडळी विचारतात. मी डॉक्टर आहे तो अभियांत्रिकीतला, त्वचेचा नव्हे. त्यामुळे माझा प्रश्न एकच असतो : मोजून कोणी पाहिले आहे का?

मोजून पाहिलेली एक गोष्ट नक्की आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात, नांबूर या उन्हाच्या गावी, १९९२ ते १९९६ या काळात एक प्रयोग झाला. त्यातल्या ५५ वर्षांखालील ९०३ जणांच्या त्वचेचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. एका गटाने चेहरा, मान, दंड आणि हातांवर रोज सकाळी सनस्क्रीन लावायचे, घाम आला तर पुन्हा लावायचे. दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. नुसते डोळ्यांनी पाहून निकाल दिला नाही. हाताच्या पाठीचे सिलिकोनचे ठसे घेऊन त्वचेवरच्या बारीक रेषा तपासल्या. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी भरले.

याच प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही तपासल्या होत्या. रोज ३० मिलिग्रॅम गोळी आणि तशीच दिसणारी खोटी गोळी, यांत एकंदरीत फरक आढळला नाही. एकाच गावात, एकाच मोजपट्टीने, क्रीम पास झाले आणि गोळी नापास!

आता कुवेतकडे येऊ. चेहऱ्यावर सुरकुत्या आणणारे मुख्य किरण म्हणजे अतिनील 'ए'. 'बी' किरण काचेत बहुतांशी अडतात, 'ए' तसे अडत नाहीत. मोटारीच्या पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिक असते, ती त्यांना जवळजवळ पूर्ण थोपवते. बाजूच्या साध्या काचेतून मात्र ते बरेच आत येतात. समजा, एखादा तिशीतला इंजिनिअर साल्मियाहून अहमदीला नोकरीला जातो. सकाळी दक्षिणेकडे जाताना पूर्वेचा सूर्य त्याच्या डावीकडे, दुपारी उत्तरेकडे परतताना पश्चिमेचा सूर्यही डावीकडेच. इथे चालकही डावीकडे बसतो. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस डावा गालच शेकतो. "मी उन्हात जातोच कुठे?" या प्रश्नाचे हे उत्तर.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ ३० पुरे. तो आकडा मुख्यतः 'बी' किरणांविषयी सांगतो. ३० म्हणजे साधारण ९७ टक्के अडवणूक, ५० म्हणजे ९८ आणि १०० म्हणजे ९९. पुढच्या एकदोन टक्क्यांसाठी जादा दिनार मोजण्यापेक्षा डब्यावर यूव्हीए संरक्षणाची खूण आहे का ते पाहावे.

खरी गफलत होते ती प्रमाणात. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढतात. चेहरा आणि गळा मिळून सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळेला १.२ ग्रॅम लागते. तर्जनी आणि मधले बोट यांवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढली की साधारण तेवढे होते. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब सहा आठवड्यांत संपायला हवी. तुमची सहा महिने पुरत असेल, तर तुम्ही पाव हिश्शावर काम चालवत आहात. अशा वेळी महाग ट्यूब काटकसरीने वापरण्यापेक्षा स्वस्त ट्यूब सढळ हाताने वापरणे शहाणपणाचे.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. नांबूरचे लोक बहुतेक गोरे होते. आपल्या सावळ्या त्वचेत सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग आणि वांग आधी. वांगावर साधारण दिसणारा प्रकाशही परिणाम करतो. त्यासाठी लोह-ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन बरे. दुसरे, इतके ऊन असूनही इथे 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. रक्ततपासणी करून कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

बाकीच्या कप्प्यात ट्रेटिनॉइन हे रात्री लावायचे औषध खरोखर पुराव्याचे आहे. पण सुरुवातीला त्वचा सोलते, आणि गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. कोलॅजेनची पूड मात्र पोटात गेली की इतर प्रथिनांसारखीच पचून तुकडे होते. ते तुकडे गालावरच जातील असा नेम नाही. तिच्या बाजूने दाखवले जाणारे बरेच प्रयोग लहान आणि विकणाऱ्यांच्याच पैशाने झालेले आहेत. विशी-तिशीत हे पैसे राखून ठेवले तर त्यांत सनस्क्रीनच्या कितीतरी ट्यूब येतील.