दहा मिनिटांनी हुकलेला सोमवार

2025 च्या दसऱ्याला, म्हणजे 2 ऑक्टोबरला, जगभरचे ज्यू लोक उपाशी होते. त्या दिवशी त्यांचा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस होता. सुमारे 25 तास अन्न नाही, पाणी नाही, आणि दिवसाचा बहुतेक वेळ सिनेगॉगमध्ये. चार दिवसांनी, 6 तारखेला, आपल्याकडे कोजागरीचं दूध आटत असताना त्यांचा सुक्कोत सुरू झाला. फांद्यांच्या छपराचा मांडव घालायचा, छपर इतकं विरळ ठेवायचं की आतून आभाळ दिसावं, आणि सात दिवस त्यात जेवायचं असा हा सण.

हा निव्वळ योगायोग नव्हता. आपल्या आश्विनाप्रमाणे त्यांचा तिश्री महिनाही अमावास्येनंतर सुरू होतो. तिश्रीची पहिली तारीख म्हणजे रोश हशाना, नवं वर्ष. दहावीला योम किप्पूर, पंधरावीला सुक्कोत. दहावी आणि पंधरावी या तारखा बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातच दिलेल्या आहेत. गंमत म्हणजे तिथे तिश्री हा सातवा महिना आहे, कारण महिन्यांची मोजणी वसंतातल्या निसानपासून होते आणि वर्षाचा आकडा मात्र तिश्रीत बदलतो. ‘नव्या वर्षानंतर दहा दिवसांनी योम किप्पूर’ असं सर्रास म्हटलं जातं, पण त्यात पहिला दिवस धरलेला असतो. अंतर नऊ दिवसांचंच. घटस्थापनेपासून दसरा मोजावा तसंच हे. शिवाय त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून उपास आदल्या संध्याकाळीच लागतो.

एकदा रोश हशाना ठरला की पुढचं सगळं ठरतं. नवं वर्ष मंगळवारी आलं तर योम किप्पूर गुरुवारी, आणि सुक्कोत बरोबर दोन आठवड्यांनी पुन्हा मंगळवारी. यात सूट नाही. त्यामुळे सगळं कोडं पहिल्या दिवसाचंच आहे. 2025 मध्ये घटस्थापना सोमवारी, 22 सप्टेंबरला झाली. रोश हशाना मंगळवारी, 23 ला. हा एक दिवस कुठे गेला?

ज्यू पंचांग प्रत्यक्ष चंद्राकडे पाहत नाही. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतचा सरासरी काळ ते कायमचा धरून चालतं: 29 दिवस, 12 तास आणि 793 ‘हलाकीम’. हलाकीम म्हणजे भाग. तासाचे 1080 भाग, म्हणजे एक भाग साडेतीन सेकंदांहूनही थोडा कमी. ठरलेल्या आरंभक्षणापासून हे अंतर मिळवत गेलं की प्रत्येक महिन्याचा ‘मोलाद’, म्हणजे चंद्राचा हिशेबी जन्म, मिळतो. 5786 या वर्षाचा मोलाद काढायचा तर 71,551 महिने मोजावे लागतात. उत्तर येतं सोमवार, दुपारी बारा वाजून 187 भाग. म्हणजे बारा वाजून दहा मिनिटं.

आणि नियम असा की मोलाद दुपारी बाराला किंवा नंतर आला तर तो दिवस गेला, वर्ष दुसऱ्या दिवशी सुरू करायचं. सोमवार दहा मिनिटांनी हुकला. खरी अमावास्या त्याआधी तेरा-चौदा तासांपूर्वीच होऊन गेली होती. 21 सप्टेंबरचं खंडग्रास सूर्यग्रहण त्याला साक्षी आहे. पण सरासरीच्या हिशेबाला ग्रहणाची साक्ष चालत नाही.

पुढे ढकललेला हा दिवस ऐन वेळी कुठून आणायचा? तो आधीच आणून ठेवलेला असतो. तिश्री नेहमी 30 दिवसांचा, पण त्यानंतरचा हेश्वान कधी 29 तर कधी 30 दिवसांचा. 2025 चं रोश हशाना मंगळवारी न्यायचं म्हणून आदल्या वर्षीच्या हेश्वानला तिसावा दिवस दिला गेला. तो होता 1 डिसेंबर 2024. पुढच्या सणाची सोय जवळजवळ दहा महिने आधी झाली.

या बारा वाजण्यावरून एकदा मोठं भांडण झालं आहे. दहाव्या शतकात पॅलेस्टाइनमधले आहारोन बेन मेईर यांचं म्हणणं होतं की बारानंतर आणखी 642 भागांपर्यंत सूट आहे. बॅबिलोनियाचे विद्वान ती मानायला तयार नव्हते, आणि त्यांची बाजू सादिया या तडफदार पंडितानं लावून धरली. 923 सालचा मोलाद शनिवारी बारानंतर 237 भागांनी येणार होता. एकाच्या मते नवं वर्ष शनिवारी, दुसऱ्याच्या मते सोमवारी. हा दोन दिवसांचा फरक मागच्या वर्षांतही पोचला आणि 922 मध्ये काहींनी रोश हशाना मंगळवारी पाळला, काहींनी गुरुवारी. म्हणजे एकाच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी दुसरा जेवत होता. शेवटी सादियाची बाजू टिकली. बेन मेईर जिंकले असते तर 2025 चा रोश हशाना घटस्थापनेलाच आला असता.

पण त्या भांडणात शनिवारनंतर रविवार सोडून एकदम सोमवार का आला? इथे हिशेब उलटा फिरतो. पहिला दिवस दहाव्याला ठरवतो हे खरं, पण दहावा दिवसही पहिल्याला आडवा येतो. रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊच द्यायचा नाही असा दंडक आहे. बुधवारी आला तर योम किप्पूर शुक्रवारी पडेल, शुक्रवारी आला तर रविवारी. दोन्ही वेळा तो शनिवारच्या शब्बाथला चिकटतो. सलग दोन दिवस चूल नाही, आणि कुणी वारलं तर दफनही नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात हे किती अवघड, ते सांगायला नको. रविवारची अडचण सुक्कोतकडून येते. रोश हशाना रविवारी आला तर सुक्कोतचा सातवा दिवस शनिवारी पडतो, आणि त्या दिवशी वाळुंजीच्या डहाळ्या जमिनीवर आपटायचा विधी शब्बाथला करता येत नाही. बारा वाजण्याचा नियम आणि हे तीन वर्ज्य वार ओलांडूनच नवं वर्ष येतं.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला या गणितापासून दूर राहून हे सण माहीत होते, तेही मराठी नावांनी. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण. घराची दारं लावून, पांढरे कपडे घालून उपास करायचा, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. मला ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ या भाषांतरापेक्षा दारं लावून घेणारं हे नाव जास्त खरं वाटतं.

दसरा आणि योम किप्पूर यांची गाठ दर वर्षी पडत नाही. दोन्ही पंचांगं चंद्राचं वर्ष सूर्याशी जुळवायला मधूनमधून अधिक महिना घालतात. ज्यूंचे ठरलेले आहेत, 19 वर्षांत 7, नेहमी वसंताच्या तोंडावर. 2026 मध्ये आपला अधिक ज्येष्ठ, त्यांचा अधिक अदार मात्र 2027 च्या वसंतात. म्हणून 2026 चा रोश हशाना शनिवारी, 12 सप्टेंबरला, गणपतीच्या दोन दिवस आधी येतो. योम किप्पूर 21 ला, म्हणजे ऐन गणपतीत. आणि सुक्कोतचे मांडव 25 च्या संध्याकाळी उजळतील, तेव्हा आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका निघालेल्या असतील.