पाच रात्रींचा हिशेब

‘माझे मूल लहान असल्याने मला कायमस्वरूपी दिवसपाळी मिळावी, ही नम्र विनंती.’ खासगी रुग्णालयातल्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर अशा एका ओळीचे अर्ज येतच असतात. त्यातले बरेचसे तिथेच पडून राहतात. अर्ज वाचणारी बाई दुष्ट असते असे नाही. तिनेही बहुधा मुले सांभाळत नाईट केलेल्या असतात. पण त्या एका ओळीने अर्जदाराची अडचण तिच्या टेबलावर येऊन पडते आणि उत्तर शोधण्याचे कामही तिच्याच गळ्यात पडते. तिच्यापुढे वॉर्डचा ड्युटी चार्ट असतो. त्यात या सिस्टरच्या नावापुढच्या नाईट खोडल्या, तर त्या कोणाच्या नावापुढे लिहायच्या? अर्जात याचे उत्तर नसले की तोंडी उत्तर ठरलेले असते : ‘बघू, सध्या स्टाफ कमी आहे.’

कायद्याच्या जोरावर ही मागणी पुढे रेटता येईल, या भरवशावर कोणी राहू नये. मातृत्व लाभाच्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे, तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था हवी. मात्र ही संमती अनेकदा नेमणुकीच्या कागदांतच सही करून दिलेली असते. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण ती रजा आहे, पाळीतला बदल नाही. मूल लहान आहे म्हणून कायमची दिवसपाळी मिळण्याचा हक्क यांतल्या कशानेही मिळत नाही. म्हणजे मागणी पटवून द्यावी लागते, आणि पटवायची तर आधी गणित मांडावे लागते.

पुण्यातल्या एका सिस्टरचे कल्पित उदाहरण घेऊ. तीस खाटांचा वॉर्ड, बारा नर्सेस. मॉर्निंग 8 ते 3, इव्हिनिंग 2 ते 9, नाईट रात्री साडेआठ ते सकाळी साडेआठ; ओव्हर द्यायला-घ्यायला वेळ मिळावा म्हणून पाळ्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या. मुलगी चार वर्षांची. नवरा चाकणच्या कारखान्यात, दर आठवड्याला पाळी बदलणारा. आतापर्यंत सासूबाई होत्या, आता त्या गावी परतल्या. पाळणाघर सकाळी सात ते संध्याकाळी साडेसात.

अर्ज लिहिण्याआधी या घराचे तीन आठवडे कागदावर उतरवायला हवेत. ‘घरी कोणी नसते’ असे मोघम लिहिले की इनचार्ज हमखास विचारते, ‘मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात नाईट कर ना, ते रात्री घरी असतातच की!’ प्रश्न वाजवी आहे. कागद त्याचे उत्तर देतो. फर्स्ट शिफ्ट सातला सुरू होते, म्हणून नवरा पहाटे सहाच्या आत कंपनीच्या बसमध्ये चढलेला असतो. नाईट करून ही घरी पोचते सव्वानऊला. सहा ते सव्वानऊ मुलगी कोणाजवळ? सातला पाळणाघर उघडते, पण तिला तिथे नेणारेच घरात कोणी नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो मध्यरात्री परततो आणि ही पावणेआठला घर सोडते. मधले चार तास मोकळे. त्याची नाईट असेल त्या आठवड्यात तर दोघेही बाहेर. तिन्ही आठवड्यांत हिची नाईट कुठेच बसत नाही. ही तीन वाक्ये अर्जात आली की गरज सिद्ध करायला आणखी काही लिहावे लागत नाही.

तोच कागद दुसरीही एक गोष्ट दाखवतो आणि माझ्या मते ती जास्त कामाची आहे. इव्हिनिंग प्रत्येक आठवड्यात अडत नाही. नवऱ्याच्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो पाचपर्यंत घरी येतो, मुलीला पाळणाघरातून आणतो आणि रात्रीचे जेवणही भरवू शकतो. म्हणजे दर तिसरा आठवडा ती पूर्ण इव्हिनिंग करू शकते. उलट त्या आठवड्यात मॉर्निंगच अवघड आहे, कारण सकाळी सगळी धावपळ तिच्या एकटीच्या अंगावर येते. बाकीच्या दोन आठवड्यांत मॉर्निंग बसते. ‘मला फक्त मॉर्निंग द्या’ असे मागणारीला वॉर्डात कोणी हसून बघत नाही. ‘दोन आठवडे मॉर्निंग, तिसऱ्या आठवड्यात इव्हिनिंग, नाईट नको’ असे म्हणणारी इनचार्जच्या हातात निम्मा चार्ट तयार करून देते.

आता रात्रींचे गणित. या वॉर्डात दर रात्री दोघी लागतात, म्हणजे तीस दिवसांत साठ नाईट. बाराजणींत वाटल्या की प्रत्येकीला पाच. ही सिस्टर बाहेर पडली की साठ नाईट अकराजणींत जातात : पाचजणींना सहा-सहा, सहाजणींना पाच-पाच. वाढीव नाईटची पाळी आळीपाळीने फिरवली, तर एकेकीला साधारण दोन महिन्यांतून एक रात्र जास्त पडते. ‘एकीला दिवसपाळी दिली तर सगळ्यांवर नाईटचा बोजा येईल’ हे वाक्य वॉर्डात फार मोठे वाटते. कागदावर ते पाच रात्रींइतके निघते. ज्या पाचजणी जास्तीची नाईट करतील, त्यांच्या सुटलेल्या दिवसाच्या ड्युट्या ही भरणार, हेही त्याच ओळीत लिहावे.

पाच रात्री म्हणजे काहीच नाही, असे मात्र नव्हे. दुसरीलाही मुले आहेत, तिचीही पाठ दुखते, आणि ‘आम्ही काय बिनलेकुरवाळ्या आहोत का?’ हा सवाल चहाच्या वेळी कोणीतरी टाकणारच. त्याची भरपाई अशा कामांनी व्हायला हवी, जी बाकीच्यांना खरोखर नकोशी असतात. या उदाहरणात नवऱ्याची सुट्टी रविवारी आहे. त्यामुळे महिन्यातले तीन रविवार आणि दिवाळी-गणपतीतल्या दिवसाच्या ड्युट्या ती घेऊ शकते. स्टोअरचा इंडेंट, औषधांच्या मुदतीची तपासणी, डिस्चार्ज फाइलींची पूर्तता ही दिवसा होणारी कंटाळवाणी कामेही तिच्याकडे कायमची जाऊ शकतात. वॉर्डात एखादी जण पुढचे शिक्षण घेत असते आणि दिवसा वर्गाला जायचे म्हणून नाईटच मागत असते. कोणाला नाईट भत्ता हवा असतो. अशा दोघींनी महिन्याला एक-एक नाईट जास्त घेण्याची लेखी तयारी दाखवली, तर पाचाच्या तीन उरतात. हे बोलणे अर्ज देण्याआधी व्हायला हवे. सहकाऱ्यांना बातमी चार्टवरून कळली, तर उत्तम गणितसुद्धा उलटते.

भत्त्याचा हिशेब आपणहून लिहावा. नाईटला 250 रुपये मिळतात असे धरले, तर पाच नाईटचे महिन्याला 1250 रुपये जातात, शिवाय नाईटनंतरचे ऑफही जातात. ‘याची मला कल्पना आहे’ एवढी ओळ पुरते.

सुपरिंटेंडेंटच्या मनात दोन शंका उरतात आणि त्या बहुधा बोलून दाखवल्या जात नाहीत. पहिली अनुभवाची. अर्जदार जुनी असेल, तर ती गेल्यावर रात्री दोन नवख्या मुलींच्या हाती वॉर्ड पडेल का? साध्या बेरीज-वजाबाकीत हे दिसत नाही. म्हणून बाराजणींपैकी रात्रीचा वॉर्ड एकटीने सांभाळू शकणाऱ्या किती, हे मोजून लिहावे लागते. त्या सातजणी असतील, तर हिच्यानंतर सहा राहतात आणि दर रात्री त्यांच्यातली एक हवी, म्हणजे महिन्याला प्रत्येकी पाच नाईट. जमते. चारच असतील, तर तिघींवर दहा-दहा नाईट येतात. ते जमणार नाही. मग अर्जात एखादीला तयार करण्यासाठी दोन-तीन महिने मागावेत आणि तोवर कमी नाईट करायची तयारी दाखवावी. त्यासाठी घरी तेवढ्यापुरते कोणाला तरी बोलवावे लागेल, हेही खरे.

दुसरी शंका पायंड्याची : हिला दिली की उद्या सगळ्या मागतील. त्याचे उत्तरही साठाच्या आकड्यात आहे. दोघी बाहेर पडल्या तर उरलेल्या दहाजणींना सहा-सहा नाईट, तिघी बाहेर पडल्या तर नऊजणींना साडेसहाच्याही वर. तेव्हा ‘एका वॉर्डात एका वेळी दोघींहून अधिक नकोत’ अशी मर्यादा अर्जदारानेच सुचवावी.

इंग्लंडमध्ये कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क कायद्यातच आहे. एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तिथल्या सरकारी रुग्णालयांत काम करणाऱ्या मराठी सिस्टर्सनाही तो लागू आहे. पण तिथेही हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नव्हे. नकारासाठी ठरवून दिलेली आठ कारणे आहेत आणि ‘हाताशी असलेल्या माणसांत कामाची फेरवाटणी करता येत नाही’ हे त्यांतलेच एक. आपल्याकडच्या ‘स्टाफ कमी आहे’चा हा इंग्लंडमधला भाऊच. तिथला हक्क आईबाप दोघांनाही सारखा आहे. आपल्या उदाहरणातल्या नवऱ्याने चाकणमध्ये असा अर्ज का करू नये, हे मात्र आपल्या घरांत सहसा कोणी विचारत नाही.

मसुदा एका पानाचा असावा. पहिल्या परिच्छेदात मागणी, नेमक्या पाळ्यांसह. दुसऱ्यात तीन आठवड्यांची अडचण. तिसऱ्यात वॉर्डची व्यवस्था, उदाहरणार्थ : ‘माझ्या पाच नाईट अकराजणींत विभागल्यास दरमहा पाचजणींना एक नाईट वाढेल. त्यांच्या दिवसाच्या ड्युट्या तसेच महिन्यातले तीन रविवार मी करीन. तीन महिन्यांनी चार्ट तपासून ही व्यवस्था कायम करावी.’ त्या तीन महिन्यांत काय तपासायचे, हेही लिहावे : कोणाला सहाहून जास्त नाईट लागल्या का, आयत्या वेळी डबल ड्युटी किती वेळा करावी लागली. आधीच्या तिमाहीत मुलीमुळे हिनेच आयत्या वेळी नाईट चुकवल्या असतील, तर तुलनेत फायदा दिसेल. पण तो मुद्दा अर्जात फार ताणू नये. तोच कागद पुढे गैरहजेरीचा पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो.

अर्ज आधी इनचार्जला दाखवावा, मग तिच्या शिफारशीने सुपरिंटेंडेंटकडे आणि एचआरकडे द्यावा, आणि आपल्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्यावी. वॉर्डात जमत नाही असे उत्तर आले, तर ओपीडी, डायलिसिस, एंडोस्कोपी, डे-केअर केमोथेरपी अशा मुख्यतः दिवसा चालणाऱ्या विभागांत जागा रिकामी झाल्यावर आपला विचार व्हावा, हे त्याच भेटीत लिहून द्यावे. होकार आला, तर तो तोंडी सोडू नये. नेमणूकपत्रात फिरत्या पाळीची अट जशीच्या तशी राहिली, तर इनचार्ज बदलल्यावर पहिल्याच चार्टवर नाईट पुन्हा लागते आणि दाद मागायला हाती कागद नसतो. म्हणून त्या अटीत बदल करणारे पत्र मागावे आणि त्यात तारीख, ठरलेल्या पाळ्या आणि कोणत्या कारणाने, किती दिवस आधी कळवून ही व्यवस्था मागे घेता येईल, एवढे तरी असावे.